आठवड्याचा मेनू: आधी वार लिहा, मग मासे-कोंबडी-अंडी बसवा

मेनू बसवायला घेतला की बहुतेक घरांत पहिली चर्चा होते ती रविवारी काय करायचं याची. कोंबडी ठरते. मग बुधवारी मासे मिळाले तर मासे, मधे कधीतरी अंडी, आणि उरलेल्या दिवशी "बघू काहीतरी". दोन आठवडे हे चालतं आणि तिसऱ्या आठवड्यात मोडतं, कारण बुधवारी एकादशी निघते, शनिवारी आदल्या दिवशीचा रस्सा उरलेला असतो आणि घरात तिघांचा मारुतीचा वार असतो, नाहीतर सोमवारी उसळ करायची म्हटलं तर मटकी भिजवलेलीच नसते.

मराठवाड्यात वार पाळणारी घरं भरपूर आहेत. सोमवार महादेवाचा, मंगळवार तुळजाभवानीचा, शनिवार मारुतीचा. शिवाय घरात एखादं माळकरी माणूस असतंच. अशा घरात वशाटाचे दिवस आणि शाकाहारी दिवस एकमेकांना खेटून येतात. म्हणून मेनू बसवण्याचा नियम एकच ठेवायचा: वशाट ज्या दिवशी आणलं त्याच दिवशी शिजलं पाहिजे आणि त्याच रात्री संपलं पाहिजे. पुढचे सगळे टप्पे या नियमाभोवती आहेत.

उदाहरणाला जिंतूर-सेलू भागातलं एक घर धरू. आजी माळकरी. नवरा-बायको आणि दोन मुलं, एक दहावीत, एक चौथीत. म्हणजे वशाट खाणारी माणसं चार. बायकोचा मंगळवार, नवऱ्याचा आणि थोरल्याचा शनिवार, सोमवार सगळ्यांचाच. समजा, गावचा बाजार बुधवारी भरतो.

## टप्पा १: घरातले वार कागदावर उतरवा

तारखांची मोठी दिनदर्शिका भिंतीवरून खाली काढा. कोणाचा कोणता वार, हे विचारून प्रत्येकाच्या नावासमोर लिहा. तोंडी ठरवलं तर कोणीतरी विसरतंच. मग त्या महिन्यातल्या दोन्ही एकादशा, संकष्टी आणि घरात पाळत असाल ती बाकीची तिथी यांच्यावर पेन्सिलीने गोल करा.

आता एक निर्णय घ्यायचा: एकाचा वार म्हणजे सगळ्या घराचा वार का? माझं मत सरळ आहे. जी व्यक्ती स्वयंपाक करते तिचा वार असेल तर त्या दिवशी चुलीवर वशाट चढवायचंच नाही. वार असलेल्या माणसाने कोंबडी चिरावी, शिजवावी आणि स्वतः मात्र पिठलं खावं, हे बरं नाही. घरातल्या निम्म्या लोकांचा वार असेल तरीही तो दिवस शाकाहारी धरा, कारण दोन स्वयंपाक करण्यात वेळ आणि गॅस दोन्ही जातात.

आपल्या उदाहरणात या हिशोबाने सोमवार, मंगळवार, शनिवार गेले. उरले बुधवार, गुरुवार, शुक्रवार, रविवार. यातला गुरुवारही शाकाहारी ठेवा, जरी त्या दिवशी कोणाचा वार नसला तरी. असं केलं की बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे वशाटाचे तीन दिवस होतात आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या दिवशी शाकाहारी दिवस येतो. पोटालाही मधे विसावा मिळतो.

तपासा: कागदावर वशाटाचे दोन दिवस लागोपाठ आलेत का? आले असतील तर उरवून दुसऱ्या दिवशी खाण्याचा मोह होणार. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तो महागात पडतो.

## टप्पा २: सर्वांत आधी माशांचा दिवस पक्का करा

अंडी आठवडाभर थांबतात, कोंबडी कोणत्याही दिवशी ताजी कापून मिळते. मासा मात्र आपल्या सोयीने थांबत नाही. म्हणून तिन्हींत पहिला मान माशाला द्यायचा आणि त्याला तो ज्या दिवशी ताजा मिळतो तोच दिवस द्यायचा.

आपल्याकडे येणारा मासा दोन वाटांनी येतो. एक धरणाचा: जायकवाडी, येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, मांजरा, विष्णुपुरी. यात रोहू, कटला, मृगळ, सिप्रिनस, चिलापी, नशीब असेल तर मरळ आणि झिंगे. दुसरा समुद्राचा, बर्फाच्या पेटीतून आलेला बांगडा, सुरमई वगैरे. किनाऱ्यापासून इतक्या आत राहणाऱ्याने नेहमीच्या मेनूत धरणाचा मासाच धरावा. तो सकाळी जाळ्यातून निघून दुपारी बाजारात असू शकतो, समुद्राच्या माशाला तेवढ्या वेळात इथवर पोचता येत नाही.

मासेवाल्याला एकच प्रश्न विचारा: "मोठा माल कोणत्या दिवशी येतो?" ताजा आहे का असं विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. बहुतेक ठिकाणी बाजाराचा दिवस आणि रविवार हे दोन दिवस निघतात. तुमच्याकडे एकच निघाला तर मासा कायम त्याच दिवशी ठेवा आणि फक्त बाकीच्या दोन दिवसांची अदलाबदल करा.

## टप्पा ३: चार आठवड्यांची फेरी लिहा

आता कोंबडी आणि अंडी बसवा. एका आठवड्याचा मेनू पुन्हा पुन्हा गिरवला तर महिन्याभरात कंटाळा येतो, म्हणून फेरी चार आठवड्यांची ठेवा. आपल्या घराची फेरी अशी बसते:

- पहिला आठवडा: बुधवारी मासे, शुक्रवारी अंडी, रविवारी कोंबडी.
- दुसरा आठवडा: बुधवारी अंडी, शुक्रवारी कोंबडी, रविवारी मासे.
- तिसरा आठवडा: बुधवारी कोंबडी, शुक्रवारी अंडी, रविवारी मासे किंवा झिंगे.
- चौथा आठवडा: बुधवारी अंडी, शुक्रवारी सुकट किंवा सुके बोंबील, रविवारी कोंबडी.

तिन्ही जिन्नस महिन्यात चार-चार वेळा येतात आणि कोणताच जिन्नस लागोपाठच्या दोन पाळ्यांत येत नाही. चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवलाय. महिनाअखेर खिसा हलका असतो, आणि सुकट-बोंबील घरात डब्यात असले की बाजारावर अवलंबून राहावं लागत नाही. मुलं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात "सलग दोन रविवार मासेच?" म्हणून कुरकुर करतील. त्यांना तिसऱ्या रविवारी झिंगे किंवा मरळ द्या. मरळीला बारीक काटे जवळजवळ नसतात, लहान मुलांच्या घरात तिच्यावर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

सावधान: "तिसऱ्या आठवड्यात बदल करू, मग चौथ्यात भरून काढू" असं म्हणू नका. एखादी पाळी चुकली तर ती सोडून द्या आणि पुढच्या आठवड्याला कागदाप्रमाणेच लागा. भरून काढण्याच्या नादातच फेरी बिघडते.

## टप्पा ४: शाकाहारी दिवस आधीच भरा

सगळ्यांत जास्त चूक होते ती इथेच. कोंबडीचं काय करायचं हे ठरलेलं असतं आणि चार शाकाहारी दिवसांच्या जागी बटाट्याची भाजी येते. मग मुलं "आज काहीच नाही" म्हणतात आणि हळूहळू ते दिवस नकोसे होतात. आपल्याकडच्या कोरड्यासात तितकाच दम आहे, फक्त त्याची तयारी आदल्या दिवसापासून लागते.

सोमवार: मटकीची उसळ, भाकर, ताक. मटकी शनिवारी रात्री भिजवा. रविवारी सकाळी पाणी काढून फडक्यात बांधा. सोमवारी सकाळी मोड तयार असतात. मे महिन्यात रविवारी रात्रीच मोड लांब होतात, तेव्हा लगेच गार जागी ठेवा. थंडीत एक दिवस जास्त लागतो, म्हणजे शुक्रवारी रात्री भिजवा. फडकं उघडल्यावर आंबूस वास आला किंवा बोटाला बुळबुळीत लागलं तर ती मटकी टाकायची, धुऊन वापरायची नाही.

मंगळवार: वरणफळं. याला भिजवणं लागत नाही, तुरीचं वरण आणि कणकेची फळं. सोमवारची उसळ जड झाली असेल तर मंगळवारी एकाच भगुन्यात होणारा हा पदार्थ बरा पडतो.

गुरुवार: हुलग्याचे शेंगोळे किंवा येसर आमटी. येसराचा डबा घरात असेल तर अर्ध्या तासात स्वयंपाक होतो. उन्हाळ्यात हुलगा उष्ण पडतो असं आपल्याकडे मानतात, तेव्हा पालकाची ताकातली भाजी करा.

शनिवार: धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. मुलांचं शाळेतून लवकर येणं आणि शनिवारची घाई या दोन्हींना धपाटे पुरे पडतात.

डाळ-कडधान्य सोमवारी, गुरुवारी असं पसरून ठेवा. भाजीच्या नावाने फक्त पालेभाजी करून शाकाहारी दिवस भागवला तर दहावीतल्या मुलाला दोन तासांत परत भूक लागते. आजीचाही विचार याच टप्प्यात करा. वशाटाच्या दिवशी आजीसाठी वेगळं काही रांधायचं नाही. वरण आणि एक सुकी भाजी अशी करायची की ती सगळ्यांनीच खावी. त्यातूनच आजीचं ताट आधी वाढून निघतं.

## टप्पा ५: किती आणायचं, काय पाहायचं

उरवायचं नाही हे ठरलं, म्हणून मोजून आणणं भाग आहे. खाणारे चार आणि त्यांची दोन वेळची जेवणं, असा हिशोब धरू.

कोंबडी. हाडासकट कापलेली सव्वा किलो पुरेशी होते. दुपारी पाऊण किलोचा रस्सा, रात्री उरलेल्याचं सुकं. दुकानदार जिवंत वजन सांगतोय की कापून साफ केलेलं, हे आधी विचारा. जिवंत दोन किलोची कोंबडी सोलून साफ केल्यावर साधारण सव्वा ते दीड किलो भरते. हा फरक लक्षात न आल्याने कुणी कमी आणतं, कुणी उरवतं. गावरान आणली तर ती नीट शिजवा, ब्रॉयलर दोन शिट्ट्यांत होते, गावरानला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात.

मासा. अख्खा सव्वा किलोचा रोहू घेतला तर खवले, डोकं, पोट काढून पाऊण किलोच्या आसपास तुकडे उरतात. एका वेळेला चौघांना ते पुरतात. मासा एकाच वेळेचा धरा. रात्री तो पुन्हा गरम केला की मोडतो आणि त्याचा वास घरभर होतो.

अंडी. मोठ्यांना दोन, लहानाला एक, म्हणजे सात. अंड्याच्या दिवसांआधी डझन आणा, अडीच डझनांचा ट्रे नको. आणल्यावर धुऊ नका. कवचावर नैसर्गिक थर असतो आणि तो गेला की अंडं लवकर बिघडतं. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, वापरायच्या वेळी धुवा. शंका असेल तर पाण्यात टाका: बुडून आडवं पडलं तर ताजं, बुडून उभं राहिलं तर लवकर वापरा, तरंगलं तर टाकून द्या.

आता मासा निवडताना काय पाहायचं. मासेवाला पाणी मारून सगळे चकचकीत करतो, म्हणून वरच्या चकाकीकडे पाहू नका. कल्ला उचलून आत पहा: तो लाल किंवा गडद गुलाबी हवा, तपकिरी-राखाडी नको. डोळा फुगलेला आणि स्वच्छ हवा, आत गेलेला, दुधट नको. पोटाजवळ बोटाने दाबा. खड्डा लगेच भरला तर ठीक, राहिला तर हात काढून घ्या. पोट फाटलेलं, मऊ पडलेलं असेल तर मासा कितीही स्वस्त असला तरी सोडा. मासा निवडून झाला की डोक्यासकट तुमच्यासमोर कापायला सांगा. आधी कापून ठेवलेल्या तुकड्यांत कल्ला दिसत नाही, आणि विक्रेत्याला नेमकं तेच हवं असतं.

तपासा: खरेदीचा क्रम. बाजारात आधी भाजी, किराणा, शेवटी मासा. मासा पहिल्यांदा घेऊन उन्हात तास-दीड तास फिरलात तर कल्ला पाहण्याची मेहनत फुकट. उन्हाळ्यात डबा आणि त्यात बर्फाचे तुकडे घरून न्या.

## टप्पा ६: रविवारचा दिवस, कामांच्या क्रमाने

पहिल्या आठवड्याचा रविवार घेऊ, म्हणजे कोंबडीचा दिवस. सकाळी कोंबडी आणून सिंकवर ठेवली आणि मग बाकीची कामं सुरू केली, असं होऊ देऊ नका. क्रम असा ठेवा:

1. मटकी आधी. भिजलेली मटकी उपसून बांधून ठेवा. वशाटाचा हात लागण्याआधी सोमवारची तयारी झाली पाहिजे.

2. कूट आणि वाटण आधी. तीळ, सुकं खोबरं, शेंगदाणे वेगवेगळे भाजून एकत्र कोरडं कूट करा. यात कांदा-लसूण घालू नका. त्यामुळे हेच कूट सोमवारी, एकादशीनंतरच्या दिवशी, उसळीत, आमटीत कुठेही चालतं. आठवड्याचं कूट करून त्यातलं निम्मं वेगळ्या डब्यात भरा आणि त्यावर 'शाकाहारी' असं लिहून ठेवा. कोंबडीला लागणारं कूट दुसऱ्या डब्यातून घ्या. पावसाळ्यात चार-पाच दिवसांचंच करा, खोबऱ्याला लगेच खवट वास येतो.

3. आजीचं वरण आणि भाजी. गॅसच्या एका बाजूला आधी हे शिजवून, झाकून, ताट वाढून मोकळं व्हा.

4. मग कोंबडी आणा. दुकानदाराकडूनच तुकडे करून घ्या. घरी नळाखाली जोराच्या धारेत धुऊ नका. पाण्याबरोबर त्यातले जंतू सिंकभर, ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, आणि पाण्याने ते मरत नाहीत, शिजवल्यानेच मरतात. हवंच असेल तर खोलगट भांड्यात पाणी घेऊन हळू बुचकळून काढा आणि ते पाणी सरळ मोरीत सोडा. त्यानंतर हात साबणाने धुवा, मगच मिठाच्या डब्याला हात लावा.

5. रस्सा. कांदा-खोबरं-लसणाचं ताजं वाटण तेलात तेल सुटेपर्यंत परता, काळा मसाला घाला, मग हळद-मीठ लावलेले तुकडे. पाणी गरम घाला, गार पाण्याने मांस चिवट होतं आणि रस्स्याला तर्री येत नाही. मोठ्या तुकड्याला हाडाजवळ चिरून पहा, रस गुलाबी असेल तर अजून पाच मिनिटं.

विळी आणि पाट वेगळे ठेवता येत असतील तर उत्तम. जर्मनचं एक भगुनं, एक उलथणं आणि एक विळी वशाटासाठी राखून ठेवा. जुन्या घरांत वशाट अंगणातल्या चुलीवरच होत असे, भगुनंही तिथंच राहत असे. आता फ्लॅटमध्ये चूल नाही, पण भांड्यांचा तो वेगळेपणा ठेवायला काहीच अडचण नाही. निम्मे वाद त्यानेच मिटतात.

सावधान: शिजलेली कोंबडी खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पारा बत्तीसच्या वर असेल तेव्हा एक तास. दुपारचं रात्रीसाठी ठेवायचं तर खोल भगुन्यात तसंच ठेवू नका, परातीत पसरून थोडं निववा आणि मग फ्रिजमध्ये. रात्री नुसतं कोमट करू नका, उकळी फुटेपर्यंत गरम करा.

## टप्पा ७: बुधवारचा मासा

मासा घरी येईपर्यंत संध्याकाळ झालेली असते, म्हणून या दिवशी कामाचे टप्पे कमी हवेत. कोरडं कूट रविवारचं तयार आहे, चिंच सकाळीच भिजत घाला.

धरणाच्या माशाला कधी कधी चिखलाचा वास येतो. तो काढायचा तर आधी पोटाच्या आतली काळी पातळ साल आणि पाठीच्या कण्याजवळची रक्ताची रेघ नखाने किंवा चमच्याने काढून टाका. बहुतेक लोक हे करत नाहीत आणि मग मासाच वाईट ठरवतात. मग तुकड्यांना मीठ, हळद आणि लिंबू लावून वीस मिनिटं ठेवा आणि स्वच्छ धुवा. आंबटाने तो वास उतरतो.

रस्सा करताना मासा सुरुवातीलाच घालणं ही सर्वांत सामान्य चूक. चिंचेचा कोळ, कूट, मिरची-लसणाचं वाटण, मीठ घालून रस्सा आधी पूर्ण उकळवा. त्याची चव घ्या, मीठ-आंबट आताच दुरुस्त करा. मग आच मध्यम करून तुकडे सोडा. आठ ते दहा मिनिटं पुरेत. मधे चमच्याने ढवळू नका, भगुनं दोन्ही हातांनी धरून हलवा. रोहू-कटल्याला स्नायूंमध्ये बारीक दुफाट काटे असतात, ढवळून मोडलं की ते रस्सा भरून टाकतात. चौथीतल्या मुलाच्या ताटात आधी पोटाकडचा तुकडा द्या. तिथे मोठ्या फासळ्या असतात, त्या हाताला लागतात आणि काढता येतात. शेपटीकडचे तुकडे मोठ्यांनी खायचे.

तपासा: तुकडा काट्यापासून हलक्या बोटाने सुटतोय आणि मांस पांढरं, अपारदर्शक झालंय? झालं असेल तर गॅस बंद. पुढे फक्त रबर होतो.

## टप्पा ८: उरलंच तर

हिशोब चुकतोच कधीतरी. पाहुणा येणार होता तो आला नाही, किंवा थोरला मित्राकडे जेवून आला. दुसऱ्या दिवशी शाकाहारी दिवस आहे, म्हणून उरलेलं शनिवार-सोमवारी फ्रिजमध्ये ठेवून "परवा खाऊ" म्हणणं घरात पटत नाही. आणि आजीचं म्हणणं असतं की तो डबा दुधाशेजारी नको. ते म्हणणं मान्य करून टाका: खालच्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, वेगळ्या कोपऱ्यात.

शिजलेली कोंबडी चांगल्या फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. पण लाइट जाणाऱ्या गावात एवढा भरवसा धरू नका. फ्रिज न उघडता ठेवला तर आतली थंडी साधारण चार तास राहते. त्यापेक्षा जास्त वेळ लाइट गेली तर मांसाचा डबा टाकून द्या. वास येत नाही म्हणून ठेवणं हा निकष नाही, बिघडवणाऱ्या सगळ्याच जंतूंचा वास येत नाही. शिजलेला मासा तर ठेवूच नका. उकडलेली अंडी मात्र कवचासकट फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात, म्हणून शुक्रवारी अंडी उरली तर ती रविवारच्या सकाळी नाश्त्याला चालतात.

## टप्पा ९: एकादशी आडवी आली तर

टप्पा १ मध्ये कॅलेंडरवर केलेले गोल आता कामाला येतात. महिन्याच्या पहिल्या दिवशी फेरी आणि कॅलेंडर शेजारी ठेवून पहा, कोणता वशाटाचा दिवस एकादशीवर पडतो. आजी एकट्याच एकादशी करत असतील आणि बाकीच्यांना चालत असेल तर बदल नको. घरच पाळत असेल तर असा हलवा:

- बुधवारी मासा आणि एकादशी: मासा हलवू नका, त्या आठवड्यापुरता रद्द करा. दुसऱ्या दिवशी मिळणारा मासा बुधवारचाच उरलेला असण्याची शक्यता मोठी. शुक्रवारची अंडी राहतील, रविवार जसाच्या तसा.
- शुक्रवारी अंडी आणि एकादशी: अंडी गुरुवारी घ्या. गुरुवारी कोणाचा वार नाही म्हणून तो मोकळा ठेवला होता, तो इथे उपयोगी पडतो. पण आदल्या दिवशी बुधवार वशाटाचा असतो, म्हणून दोन दिवस लागोपाठ होतील. अंड्यापुरतं ते चालेल, कोंबडीपुरतं नाही.
- रविवारी कोंबडी आणि एकादशी: कोंबडी शुक्रवारी आणा आणि त्या शुक्रवारची ठरलेली पाळी सोडून द्या. शनिवारी वार आहे, म्हणून शुक्रवारी फक्त एका वेळची आणा, पाऊण किलो.

श्रावणात आणि नवरात्रात फेरी थांबवून ठेवायची, गुंडाळायची नाही. श्रावण सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात घरातली सुकट-बोंबील आणि फ्रिजमधली अंडी संपवा आणि वशाटाची भांडी घासून वरच्या फळीवर ठेवा. संपल्यानंतर फेरी जिथे थांबली होती तिथून सुरू करायची, नाहीतर पहिल्या आठवड्यापासून. जून-जुलैमध्ये समुद्रात मासेमारी बंद असते आणि धरणांतल्या माशांचाही तो विणीचा काळ असतो. ताजा मासा कमी आणि महाग होतो. त्या दोन महिन्यांत माशाच्या पाळ्या चौथ्या आठवड्याप्रमाणे करा, म्हणजे सुके बोंबील किंवा सुकट. सुकट कोरडी असताना चाळून रेती काढा, तव्यावर भाजा, मग कोमट पाण्यात दोनदा धुवा. तिच्यात मुळातच मीठ भरपूर असतं. रस्सा उकळल्यावर चव घेऊनच वरून मीठ घाला, आणि घरात रक्तदाबाची गोळी घेणारं कोणी असेल तर त्यांचा रस्सा आधी वेगळा काढून, सुकट न टाकता, शिजवून द्या.